परदेशातून आलेले पैसे ठरल्यापेक्षा कमी जमा होतात: कुठे किती कापलं हे कसं शोधायचं

नाशिकला कॅनडा कॉर्नरजवळ माझं हिशेबाचं छोटं ऑफिस आहे. परदेशी क्लायंटचं काम घरून करणारे बरेच जण माझ्याकडे येतात: डिझायनर, सॉफ्टवेअरवाले, भाषांतरकार, आणि हंगामात निफाड-दिंडोरीकडचे दोन-चार बेदाणेवाले. सगळ्यांची तक्रार एकच असते. "क्लायंटने पूर्ण पाठवले म्हणतोय, बँक म्हणते आम्ही काही कापलं नाही, मग माझे पाच हजार गेले कुठे?" आता मी ही गोष्ट ठरलेल्या क्रमाने तपासतो. बहुतेक वेळा दोन कागद आणि एक फोन एवढ्यात उत्तर मिळतं.

लक्षणं आधी ओळखा

पैसे कमी आले म्हणजे एकच बिघाड असतो असं नाही. कमी येण्याची तऱ्हा पाहिली की कारणाचा निम्मा अंदाज येतो.

- रक्कम छोटी असो वा मोठी, दर वेळी साधारण 15, 20 किंवा 25 डॉलरएवढीच तूट दिसते. पैसा ज्या बँकेतून फिरून येतो, त्या मधल्या बँकेचं हे काम.
- रक्कम वाढली की तूटही त्याच प्रमाणात वाढते. हे विनिमय दरातलं मार्जिन, म्हणजे बाजारभाव आणि बँकेने लावलेला भाव यांतला फरक.
- पैसे जमा झाल्यावर त्याच दिवशी किंवा दोन दिवसांनी पासबुकात 45, 236, 283 अशा विचित्र रुपयांच्या वेगळ्या नोंदी निघतात. हा जीएसटी आणि तुमच्याच बँकेचा आकार, म्हणजे शुल्क.
- एका महिन्यात पैसे पूर्ण येतात, पुढच्या महिन्यात नाही, आणि पाठवणारा तोच. म्हणजे पाठवताना निवडलेला पर्याय किंवा पैशाचा रस्ता बदलला आहे.

प्रत्यक्षात पहिली तीन लक्षणं एकाच व्यवहारात एकत्र येतात, म्हणून गोंधळ होतो. बाजार समितीत कांदा विकला तर हातात हिशोबपट्टी पडते. तिच्यावर हमाली किती, तोलाई किती हे ओळीने लिहिलेलं असतं. पटलं नाही तरी दिसतं तरी. पासबुकात मात्र नुसती शेवटची रक्कम येते. तेव्हा या सगळ्या खटाटोपाचा उद्देश एकच: आपली पट्टी आपणच तयार करायची. त्यासाठी दोनच आकडे लागतात. माझ्या बँकेत नेमके किती डॉलर पोचले, आणि ते कोणत्या भावाने रुपयात बदलले.

उदाहरण म्हणून इंदिरानगरच्या एका ग्राफिक डिझायनर ताईंचं प्रकरण शेवटपर्यंत घेतो. अमेरिकेतल्या क्लायंटने त्यांना आधी 500 डॉलर आगाऊ पाठवले आणि काम झाल्यावर 2,500. गणित सोपं राहावं म्हणून दोन्ही दिवशी बाजारभाव 88 रुपये धरतो. ताईंच्या हिशेबाने आधी 44,000 आणि नंतर 2,20,000 यायला हवे होते. पासबुकात आधी 41,712 आणि नंतर 2,15,512 जमा दिसले, आणि त्याखाली किरकोळ वजावटी.

पहिली तपासणी: "ठरलेली रक्कम" कुठून आली?

याला पैसे लागत नाहीत, दोन मिनिटं लागतात, आणि निम्मी भांडणं इथेच मिटतात.

ताईंनी 88 हा भाव मोबाइलवर शोधून घेतला होता. तो भाव बँका आपसात लाखो डॉलरची देवघेव करतात तिथला, म्हणजे इंटरबँक बाजारातला, मधला भाव असतो. खरेदीचा भाव आणि विक्रीचा भाव यांच्या बरोबर मध्ये तो असतो. त्या भावाने सामान्य माणसाला कोणी डॉलर विकत नाही, आणि त्याच्याकडून घेतही नाही. तो खोटा नाही. फक्त तो मोजपट्टी म्हणून वापरायचा, अपेक्षा म्हणून नाही.

मोजपट्टी म्हणून मी एफबीआयएल, म्हणजे फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया या संस्थेचा संदर्भ दर घेतो. कामकाजाच्या दिवशी दुपारी तो जाहीर होतो आणि डॉलर, युरो, पौंड, येन या चारही चलनांसाठी मिळतो. इथे एक चूक नेहमी होते. लोक इनव्हॉइस पाठवला त्या दिवसाचा भाव धरतात. तुलना करायची ती बँकेने रुपयात बदल केला त्या दिवसाच्या भावाशी. क्लायंटने शुक्रवारी संध्याकाळी पाठवलेले पैसे आपल्याकडे सोमवारी किंवा मंगळवारी बदलले जातात. मधल्या दिवसांत रुपया वीस पैसे सरकला असेल तर त्याचा दोष कोणाच्या मार्जिनला देता येत नाही.

पाठवणाऱ्याने एखाद्या ॲपमधला आकडा दाखवला असेल तर आणखी एक विचारा: तो आकडा पक्का होता की अंदाजे? बऱ्याच ठिकाणी भाव ठराविक तासांपुरताच बांधलेला असतो. पैसे त्या वेळेत पोचले नाहीत तर नवा भाव लागतो.

दुसरी तपासणी: कागदावरची कसोटी

तुमच्याकडे त्याच क्लायंटकडून आलेल्या, लहान-मोठ्या दोन रकमा असतील तर बँकेत न जाताच चोर ओळखता येतो. मला सगळ्यात आवडणारी तपासणी हीच. ताईंसमोर मी ती कॅलेंडरच्या मागच्या बाजूला करून दाखवली होती.

आधी जीएसटी आणि बँकेच्या आकाराच्या वेगळ्या नोंदी बाजूला ठेवा. फक्त मूळ जमा रक्कम घ्या.

500 डॉलरवर तूट: 44,000 वजा 41,712, म्हणजे 2,288 रुपये.
2,500 डॉलरवर तूट: 2,20,000 वजा 2,15,512, म्हणजे 4,488 रुपये.

डॉलर 2,000 ने वाढले आणि तूट 2,200 रुपयांनी वाढली. म्हणजे प्रत्येक डॉलरमागे 1 रुपया 10 पैसे जातात. हे झालं दरातलं मार्जिन. आता पहिल्या व्यवहारात 500 डॉलरवर 1.10 प्रमाणे 550 रुपये मार्जिनचे. 2,288 मधून ते काढले की उरले 1,738. बँकेने भाव लावला 88 वजा 1.10, म्हणजे 86.90. 1,738 भागिले 86.90 केलं की बरोबर 20 डॉलर येतात. ही मधल्या बँकेची हमाली, आणि ती दोन्ही वेळी तेवढीच आहे.

उत्तर असं सुबक आलं ते आकडे सोपे धरले म्हणून. तुमच्याकडे 18.7 किंवा 21.3 असं काहीतरी येईल, कारण दोन्ही दिवसांचं मार्जिन तंतोतंत सारखं नसतं. तरी अंदाज पुरेसा मिळतो. उत्तर 60-70 डॉलर आलं, किंवा उणे आलं, तर मात्र काहीतरी तिसरंच चालू आहे असं समजा. पैसे दोनदा बदलले गेले असावेत. त्यावर पुढे येतो.

लहान रकमेला हा फटका जास्त का बसतो हेही इथे दिसतं. 2,500 वर मूळ तूट 2 टक्क्यांच्या आसपास आहे, 500 वर ती 5 टक्क्यांच्या वर जाते. दर आठवड्याला 200-300 डॉलर मागवणाऱ्यांना मी महिन्यातून एकदाच मागवायला सांगतो ते यासाठी.

तिसरी तपासणी: बँकेकडून रेमिटन्सचं सल्लापत्रक

आता अंदाज पक्का करायचा. बँकेला "पैसे कमी का आले" असं विचारू नका. त्यावर "आमच्याकडून पूर्ण दिलेत" हेच उत्तर येतं, आणि त्यांच्या बाजूने ते खरंही असतं. त्याऐवजी फॉरेन इनवर्ड रेमिटन्स ॲडव्हाइस मागा. बोलताना सगळे त्याला फिरा म्हणतात, काही जण जुन्या सवयीने एफआयआरसी म्हणतात. काही बँकांच्या नेटबँकिंगमध्ये ते थेट डाउनलोड होतं.

या कागदावर आलेलं परकीय चलन, लावलेला दर, रुपयातली रक्कम, पाठवणाऱ्याचं नाव आणि पैसे कशासाठी आले ते सांगणारा पर्पज कोड असतो. पर्पज कोड एकदा नजरेखालून घालाच. सॉफ्टवेअर सल्ला व अंमलबजावणीला `P0802` लागतो, परदेशातल्या नातेवाइकाने घरखर्चाला पाठवलेल्या पैशाला `P1301`. कामाचे पैसे चुकून घरखर्च म्हणून नोंदले गेले तर आज रक्कम कमी होत नाही, पण पुढे जीएसटी परताव्याच्या वेळी हा कागद निर्यातीचा पुरावा म्हणून चालत नाही.

नाशिकच्या शाखेत गेल्यावर एक अनुभव हमखास येतो. काउंटरवरच्या माणसाला काहीच माहिती नसते. त्याच्यावर चिडून उपयोग नाही. प्रत्येक शाखा परकीय चलनाचं काम करत नाही. बहुतेक बँकांत हे काम मुंबईतल्या किंवा दुसरीकडच्या केंद्रीय विभागात होतं आणि शाखेला फक्त जमा झालेले रुपये दिसतात. म्हणून शाखेत "फॉरेक्सचं काम बघणारा विभाग कोणता, त्यांचा ईमेल द्या" एवढंच मागा, आणि व्यवहाराचा क्रमांक घालून लेखी विचारा.

ताईंच्या कागदावर आकडे असे निघाले: पोचले 2,480 डॉलर, दर 86.90, रुपये 2,15,512. कॅलेंडरमागचं गणित बरोबर निघालं.

चौथी: जीएसटी आणि बँकेचा आकार

इथे फार वेळ घालवू नका, कारण इथे वाचवता येण्यासारखं फारसं नसतं. जीएसटी आलेल्या पैशावर लागत नाही, चलन बदलून देण्याच्या सेवेवर लागतो, आणि त्या सेवेची किंमत नियमाने ठरलेली आहे. एक लाखापर्यंत रकमेच्या 1 टक्का, पण किमान 250 रुपये. एक लाखाच्या वर दहा लाखांपर्यंत 1,000 रुपये अधिक वरच्या रकमेवर अर्धा टक्का. या किमतीवर 18 टक्के. 2,15,512 रुपयांसाठी सेवेची किंमत 1,577.56 होते आणि जीएसटी 283.96. लहान रकमेला कमीत कमी 45 रुपये लागतात, म्हणून तो 45 चा आकडा पासबुकात सारखा दिसतो.

त्याशिवाय बँकेचा स्वतःचा आकार. ताईंच्या बँकेत 200 रुपये आणि त्यावर जीएसटी, मिळून 236. तुमच्या बँकेच्या शुल्कपत्रकात तो पाहून घ्या. जीएसटी नोंदणी असेल तर या कराचं क्रेडिट मिळू शकतं, फक्त बँकेत तुमचा जीएसटी क्रमांक नोंदवलेला हवा. हे बरेच जण विसरतात.

आता पट्टी पुरी झाली. 20 डॉलर म्हणजे 1,760 रुपये, मार्जिनचे 2,728, जीएसटी 283.96 आणि आकार 236. एकूण 5,007.96. निम्म्याहून जास्त पैसा दरात गेला आहे, आणि त्याची नोंद कुठेच "शुल्क" म्हणून नाही. म्हणूनच बँकेने प्रामाणिकपणे सांगितलं होतं की आम्ही काही कापलं नाही.

पाचवी: दराबद्दल बोलणं

बँक सकाळी दिवसभराचे दर जाहीर करते, त्याला कार्ड रेट म्हणतात. बाजार दिवसभरात हलणार, म्हणून बँक त्यात ऐसपैस जागा ठेवते. छोट्या ग्राहकाचे पैसे आपोआप याच दराने बदलले जातात. तक्त्यात बरेच रकाने असतात. टीटी म्हणजे बँकेमार्फत खात्यातून खात्यात जाणारा पैसा. आपल्याला पाहायचा तो टीटी बाय, कारण बँक आपल्याकडून डॉलर विकत घेत असते. करन्सी नोट बाय हा रोख नोटांचा भाव, तो याहून वाईट असतो. टीटी सेलशी तुलना करून भांडायला गेलेले लोक मी पाहिले आहेत. तो भाव आपण परदेशात पैसे पाठवतो तेव्हाचा.

कार्ड रेटपेक्षा बरा भाव मागता येतो. फक्त पैसे बदलले जाण्याआधी मागायला हवा, नंतर काही होत नाही. आणि टक्क्यांत बोलू नका, डॉलरमागे किती पैसे असं बोला. फॉरेक्स विभागाची भाषा ती आहे. ताईंनी माझ्या ऑफिसातूनच फोन लावला. स्पीकरवर झालेलं बोलणं साधारण असं:

"सर, माझं दर महिन्याला अडीच हजार डॉलरचं इनवर्ड असतं. मला मार्जिन किती पैसे लावता?"

"मॅडम, तुम्हाला कार्ड रेट लागतोय."

"ते माहीत आहे. इंटरबँकवर किती पैसे ठेवून द्याल ते सांगा."

थोडी शांतता. मग, "शाखेकडून एक रिक्वेस्ट मेल टाका. चाळीस पैशात बघतो."

एक रुपया दहा पैशांवरून चाळीस पैसे. पाच हजार डॉलरच्या आतल्या रकमांना सगळ्याच बँका असं करत नाहीत, पण महिन्याला येणारा नियमित पैसा असेल तर विचारून पाहायला हरकत नाही. सोबत "माझे पैसे आले की बदलण्याआधी मला कळवा" असं लेखी देऊन ठेवा. नाहीतर मान्य झालेला भाव कागदावर राहतो आणि पैसे सकाळीच कार्ड रेटने बदलून मोकळे होतात. दुपारी बाजार चालू असताना फोन करा. सकाळी नऊला किंवा संध्याकाळी सहाला कोणी भाव देत नाही.

सहावी: हरवलेले वीस डॉलर

अमेरिकेतल्या क्लायंटच्या छोट्या बँकेचं आणि आपल्या बँकेचं थेट खातं नसतं. आपल्या बँकेचं डॉलर खातं न्यूयॉर्कच्या एखाद्या मोठ्या बँकेत असतं, त्याला नॉस्ट्रो खातं म्हणतात. पैसा त्या बँकेतून फिरून येतो, आणि फिरवणारी बँक आपली हमाली त्या पैशातूनच उचलते. कधी मध्ये एक बँक असते, कधी दोन.

क्लायंटकडून स्विफ्टची, म्हणजे बँका एकमेकींना पाठवतात त्या पेमेंट संदेशाची प्रत मागितली की तो लगेच पाठवतो आणि तिच्यावर 2,500 पूर्ण दिसतात. इथे बहुतेक लोक अडकतात. क्लायंटची प्रत म्हणजे त्याच्या बँकेतून निघतानाचा संदेश. कपात त्यानंतर झालेली असते, त्यामुळे ती त्या प्रतीवर दिसणारच नाही. आपल्याला हवी ती आपल्या बँकेत आलेल्या संदेशाची प्रत. दोन्ही शेजारी ठेवल्या की सगळं उघडं पडतं. ताईंच्या बँकेने दिलेल्या प्रतीतल्या कामाच्या ओळी:

```
:32A:250812USD2480,00
:33B:USD2500,00
:71A:SHA
:71F:USD20,00
```

`33B` म्हणजे पाठवणाऱ्याने सांगितलेली रक्कम, `32A` म्हणजे प्रत्यक्ष पोचलेली, आणि `71F` म्हणजे वाटेत कापलेली. दोन `71F` ओळी दिसल्या तर दोन बँकांनी हात मारला आहे. नोव्हेंबर 2025 पासून बँकांमधल्या परदेशी पेमेंटचे संदेश नव्या पद्धतीत गेले. तिथे हीच माहिती `InstdAmt`, `IntrBkSttlmAmt` आणि `ChrgsInf` या नावांनी शोधा.

खरी किल्ली `71A` मध्ये आहे. `SHA` म्हणजे खर्च वाटून: पाठवणाऱ्याने त्याच्या बँकेचा भरायचा, बाकी वाटेतला सगळा तुमच्या पैशातून. `BEN` म्हणजे सगळाच तुमच्या माथी. `OUR` म्हणजे सगळा पाठवणाऱ्याकडून वेगळा घ्यायचा आणि रक्कम पूर्ण पोचवायची. नव्या पद्धतीत यांनाच अनुक्रमे `SHAR`, `CRED` आणि `DEBT` म्हणतात. क्लायंटच्या बँकेच्या स्क्रीनवर `SHA` आधीच निवडलेलं असतं आणि तो बिचारा ते बघतही नाही. इनव्हॉइसच्या तळाशी "बँक शुल्क पाठवणाऱ्याने भरावे, पेमेंट `OUR` ने करावे" अशी एक ओळ इंग्रजीत टाका. क्लायंटला त्यासाठी जास्त पैसे पडतात, म्हणून काम घेतानाच बोलून ठेवलेलं बरं. नंतर मागितलं की वाद होतो.

`OUR` असूनही पैसे कापले गेले तर ती चूक आहे आणि परत मागता येते. पण ती क्लायंटच्या बँकेमार्फत, आपल्या नाही. त्यासाठी क्लायंटकडून यूईटीआर घ्या. हा 36 खुणांचा लांबलचक क्रमांक असतो आणि त्यावरून पैसा कोणत्या बँकेत किती झाला याचा माग लागतो.

सातवी: रस्ताच चुकीचा असेल तर

हे वरच्या सगळ्यापेक्षा कटकटीचं, म्हणून शेवटी ठेवलं. दोन गोष्टी पाहा.

एक, क्लायंटला तुम्ही काय तपशील दिलाय. बरेच जण फक्त आयएफएससी देतात. तो देशातल्या देशात चालतो. परदेशातून स्विफ्ट कोड लागतो, 8 किंवा 11 अक्षरांचा, आणि तुमच्या नाशिकच्या शाखेला स्वतःचा नसेल तर बँक सांगेल तो मुंबईचा द्यायचा. सोबत बँकेच्या संकेतस्थळावर त्या त्या चलनासाठी मधली बँक कोणती ते दिलेलं असतं. डॉलरसाठी वेगळी, युरोसाठी वेगळी. ते नाव दिलं नाही तर क्लायंटची बँक आपल्या सोयीचा लांबचा रस्ता धरते आणि एक थांबा वाढतो.

दोन, कोणत्या चलनात पाठवतोय. क्लायंटच्या स्क्रीनवर "रुपयात पाठवा" असा पर्याय येतो आणि तो भला माणूस तुमच्या सोयीसाठी तोच दाबतो. मग बदल त्याची बँक करते, तिच्या भावाने, आणि इकडे ठरवलेले चाळीस पैसे उपयोगाला येत नाहीत. टोरंटोच्या एका क्लायंटच्या बाबतीत तर कॅनेडियन डॉलरचे अमेरिकी डॉलर आणि त्याचे रुपये असा दोनदा बदल झाला होता. दोन्ही वेळी मार्जिन. कॅनडातून कॅनडा कॉर्नरला यायला पैशाने न्यूयॉर्कची वारी केली. इनव्हॉइस ज्या चलनात आहे त्यातच पाठवायला सांगा.

रक्कम नेहमीच हजार डॉलरच्या आत असेल तर परदेशात स्थानिक खात्यावर पैसे घेऊन इथे रुपयात देणाऱ्या सेवा स्वस्त पडू शकतात. अशा सेवेला रिझर्व्ह बँकेची परवानगी आहे का आणि ती रेमिटन्सचा कागद देते का, या दोन गोष्टी बघितल्याशिवाय जाऊ नका.

इथे थांबा आणि माणूस गाठा

पट्टी मांडूनही 10 डॉलरपेक्षा जास्त रकमेचा हिशेब लागत नसेल तर स्वतः खणत बसू नका. दोन्ही प्रती घेऊन बँकेच्या फॉरेक्स विभागाकडे लेखी द्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर `cms.rbi.org.in` वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, तीही फुकट. मात्र "मार्जिन जास्त लावलं" एवढ्यावर तिथे फारसं काही निघत नाही, भाव हा बँकेचा व्यापारी निर्णय मानला जातो. मान्य केलेला भाव लावला नाही, किंवा शुल्कपत्रकात नसलेलं काही कापलं, हे कागदानिशी दाखवता आलं तर वजन पडतं.

बेदाणा, द्राक्ष, यंत्राचे भाग असा प्रत्यक्ष माल बंदरातून गेला असेल तर पहिल्याच दिवशी सीएकडे जा. शिपिंग बिलाची रक्कम आणि आलेली रक्कम यांचा मेळ बँक ईडीपीएमएस या निर्यातीच्या पैशावर लक्ष ठेवणाऱ्या प्रणालीत घालते. कमी पडलेले 20-30 डॉलर बँक शुल्क म्हणून रीतसर दाखवले नाहीत तर ते बिल उघडंच राहतं. तूट झाकायला मागाहून इनव्हॉइस बदलायचा विचार तर मनातही आणू नका. सेवा निर्यातीवर जीएसटी परतावा घेत असाल आणि फिराची रक्कम इनव्हॉइसपेक्षा कमी असेल तरी सीएकडेच जा.

आणि कोणी फोन करून म्हणालं, "तुमचे पैसे अडकलेत, सोडवायला चार्ज भरा," तर भरू नका. मधली बँक आपली हमाली आलेल्या पैशातून कापते, ती तुमच्याकडे फोन करून वेगळी मागत नाही. हा फोन चोराचा असतो.

ताईंचा पुढचा 2,500 चा इनव्हॉइस `OUR` ने आला, दर 87.60 लागला. जमा 2,19,000, जीएसटी 287.10, आकार 236. मधल्या भावाशी ताडून पाहिलं तर तूट 1,523 रुपये. मागच्या वेळी पाच हजार होती. त्यांनी फोन करून सांगितलं, आणि लगेच पुढचा प्रश्न: "सर, ते 236 पण कमी नाही का होणार?" त्यांच्या बँकेत चालू खात्याच्या वरच्या प्रकाराला तो आकार माफ आहे, पण त्यासाठी खात्यात जेवढी शिल्लक ठेवावी लागते ती बघून ताईंनी विषय बदलला.